तक्रारी निरंक

कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य म्हणून माझी नेमणूक झाल्याचं सरकारी पत्र आलं, तेव्हा आमच्या घरात आधी हशा पिकला. माझा धाकटा भाऊ फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. तो म्हणाला, आक्का आयुष्यभर सगळ्यांना आत टाकीन आत टाकीन म्हणत होती, शेवटी सरकारनं तिलाच टाकलं. शेजारच्या वहिनी तर खरंच घाबरल्या. माझ्यावर काय आळ आलाय म्हणून डोळ्यांत पाणी घेऊन चौकशीला आल्या.

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. सगळी नोकरी कोरेगाव, खटाव, माण या भागात एसटीनं आणि पायी फिरून केली. लोकांच्या पोरांची वजनं, खिचडीची चव, रजिस्टरं, हेच माझं जग. निवृत्तीनंतर घरात बसून नुसती चिडचिड चालली होती. त्यात हे पत्र आलं. खरं सांगते, समाजसेवा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. तुरुंग आतून कसा असतो हे बघायची मला विलक्षण उत्सुकता होती, बस. भिंतीपलीकडं काय शिजतंय हे बघायला कुणाला आवडत नाही? मी फक्त ते कबूल करते एवढंच.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलं एक कारागृह, कुठलं ते सांगणार नाही. तिथल्या कुणाचं वाईट करायला मी हे लिहीत नाही. शिवाय यात सगळ्यात मोठी चूक कुणाची, ते पुढं येईलच.

मंडळाचं काम समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जिल्हा न्यायाधीश. सदस्यांत जिल्हाधिकारी, जिल्हा रुग्णालयाचे मोठे डॉक्टर असे अधिकारी आणि माझ्यासारखी बाहेरची एकदोन माणसं. तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून भेट द्यायची, बैठक घ्यायची. मधल्या काळात पाळीपाळीनं एकेकानं जाऊन यायचं. आत कुठंही फिरता येतं, जेवण चाखता येतं, रजिस्टरं मागता येतात, कुठल्याही बंद्याशी बोलता येतं. बोलताना शिपाई दिसेल इतक्या अंतरावर उभा राहतो, पण ऐकू येईल इतका जवळ येत नाही. जाताना अभ्यागत नोंदवहीत आपला शेरा लिहायचा. अधीक्षक त्यावर आपलं म्हणणं लिहून त्याची प्रत वरिष्ठांकडं पाठवतात आणि शेरा बैठकीपुढंही येतो. म्हणजे आतल्या माणसाचं गाऱ्हाणं बाहेर जायच्या ज्या काही वाटा आहेत, त्यांतली एक वाट आपल्या पेनातून जाते. एक गोष्ट मात्र करायची नाही. कुणाला त्याच्या केसबद्दल विचारायचं नाही. हे वाचून माझा जीव खालीवर झाला, कारण मला नेमकं तेच विचारायचं होतं.

पहिल्या भेटीला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. गेटवर मोबाईल काढून घेतला, पर्स तपासली, वहीत सही घेतली. अधीक्षक अदबीनं वागणारे, थकलेले गृहस्थ होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माणसं ठेवायची जागा एवढीशी आणि आत दुपटीनं भरलेली, शिपाई कमी, असं त्यांनी चहा यायच्या आत सांगून टाकलं. मला ते आवडले. मीही नोकरीत हेच रडगाणं गायचे.

स्वयंपाकघरात डाळ ढवळून बघितली, चपाती मोडून खाल्ली. चपाती जाड होती आणि थोडी चिवट, पण शेकडो चपात्या लाटायच्या म्हणजे तसंच होणार. डाळीला चव होती. मग मला बराकीपुढच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथं माणसं दोन ओळींत उकिडवी बसली होती. मी विचारलं, कुणाची जेवणाची, तब्येतीची, वागणुकीची काही तक्रार आहे का?

कुणी हललं नाही. पण मी वर्षानुवर्षं पन्नास-पन्नास सेविकांच्या बैठका घेतल्यात. कोण खाली बघतंय, कोण कुणाकडं बघतंय हे मला न बघता कळतं. त्या दोन्ही ओळी एकाच माणसाकडं बघत होत्या. पहिल्या ओळीच्या टोकाला एक म्हातारा होता, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. तो एकटाच उठून उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “नो पॉइंट, मॅडम साब.”

झालं. त्यानं म्हटलं आणि सगळ्यांच्या माना त्याच्यामागं हलल्या. त्याला सगळे मेजर म्हणत. आपल्याकडं फौजेतून आलेला माणूस शिपाई होऊन आला काय आणि सुभेदार होऊन आला काय, गावात मेजरच. वडूजच्या बाजूचा होता. खटला अजून चालायचा होता, म्हणजे शिक्षा नव्हती, नुसता जामिनाची वाट बघत आत होता. बराकीत भांडण झालं की तो मिटवायचा, आंघोळीच्या रांगा तो लावायचा. शिपायांचंही त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

मी नोंदवही उघडली. जेवण समाधानकारक, स्वच्छता ठीक. तक्रारींच्या जागी मी माझा नोकरीतला लाडका शब्द लिहिला, निरंक. खाली झोकदार सही केली आणि एसटीनं घरी आले.

घरी सगळ्यांना साग्रसंगीत वर्णन ऐकवलं. भाऊ शेंगा फोडत ऐकत होता. ‘नो पॉइंट’ म्हटल्यावर मात्र तो थांबला आणि हसायला लागला. मला राग आला. म्हटलं, दात काढायला काय झालं? मग त्यानं सांगितलं. फौजेत मोठा साहेब सगळ्या जवानांना एकत्र बसवतो आणि विचारतो, कुणाचा काही पॉइंट? म्हणजे अडचण, मागणी, काहीही. रजेचं, क्वार्टरचं, बायकोच्या आजारपणाचं बोलणारे बोलतात. पण स्वतःच्या पोटाचं बोलायचं म्हणजे आमच्या वेळी लाज वाटायची, म्हणाला. लंगरात काय मिळतंय यावर उभं राहून बोलणारा तो कसला जवान, असं आम्हीच एकमेकांना म्हणायचो. साहेब काही करत नव्हता, आम्हीच आमचं तोंड शिवून घ्यायचो.

मग मला काय कळणार, मी विचारलं. तर तो म्हणाला, “आक्का, फौजी तक्रार करत न्हाई. त्याला रिपोर्ट माग. रिपोर्ट मागितला की त्याला द्यावाच लागतो.”

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. भावाचं सगळं फौजेवरच येतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याला सियाचीन आठवतं.

दीड महिन्यानं माझी पाळी पुन्हा आली. या खेपेला मी साधी सुती साडी नेसले आणि अधीक्षकांकडं वजनाचं रजिस्टर मागितलं. तसं मागायचं काही कारण नव्हतं. नोंदी चाळता चाळता वजनं घेतात असं कळलं आणि माझे हात शिवशिवले. बंदी आत येताना त्याचं वजन घेतात, पुढं ठरलेल्या मुदतीनं घेत राहतात. कुणी खंगत चाललाय का ते कळावं म्हणून. अगदी अंगणवाडीसारखंच.

रजिस्टर उघडलं आणि मला माझी जुनी नोकरी परत मिळाल्यासारखं वाटलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. ज्या सेविकेला उन्हात पोरं गोळा करायचा कंटाळा यायचा, ती मागच्या महिन्याचं वजन बघून थोडं कमी-जास्त करून लिहायची. एकाच बैठकीत, एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात. मी ते पान हातात घेतलं की ओळखायचे. इथंही तेच. साठ, साठ, एकसष्ट, साठ. कुणाचं अर्धा किलोसुद्धा नाही, सगळे पूर्णांकात जगत होते. एकजण तर गेल्या आठवड्यात सुटून गेला होता आणि त्याचंही वजन या आठवड्यात भरलं होतं.

अधीक्षकांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर अर्धवेळ आहेत, मदतनीसाची बदली झालीय, असं ते सांगू लागले. मी म्हटलं, साहेब, मीही हेच सांगून बढत्या घेतल्यात. काटा कुठाय?

काटा दवाखान्याच्या कोपऱ्यात होता. वर कुणीही उभं नसताना दोन किलो दाखवत होता. मी स्वयंपाकघरातून मिठाच्या किलोच्या पाच पिशव्या मागवल्या, खालची चकती फिरवून काटा शून्यावर आणला आणि पिशव्या ठेवून पाचावर बरोबर थांबतोय का बघितलं. शिपाई माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काही जादूच केली. मग म्हटलं, पन्नाशीच्या पुढचे जेवढे आहेत तेवढे आणा, माझ्यासमोर वजनं होऊ द्या.

बहुतेकांची दोन-तीन किलो इकडंतिकडं होती. मेजर आला. चप्पल काढून काट्यावर उभा राहिला, समोर भिंतीकडं बघत. आत येताना एकसष्ट किलो. रजिस्टरात या आठवड्याला साठ. काटा एकोणपन्नासावर थांबला.

मी त्याला उतरवलं, काटा पुन्हा तपासला, पुन्हा चढवलं. एकोणपन्नास. आता मी त्याच्याकडं नीट बघितलं. सदरा झग्यासारखा लोंबत होता. गाल आत गेले होते, मिशा तेवढ्या गालाबाहेर आलेल्या. ताठ पाठीमुळं मी फसले होते. बारा किलो म्हणजे अंगणवाडीतलं चांगलं तीन वर्षांचं पोर. तेवढं माणूस त्याच्यातून निघून गेलं होतं आणि मी निरंक लिहून आले होते. मला स्वतःचाच संताप आला.

शिपायाला मी जरा लांब उभं राहायला सांगितलं. मग मेजरला विचारलं, आजारी आहात का? न्हाई. ताप, खोकला, पोट? न्हाई. जेवण पुरत नाही का? लय हाय. मग कुणी काढून घेतं का, कुणी मारतं का? असलं काय न्हाई, म्हणाला, आणि वर मलाच समजावलं, मॅडम, हितं समदे भले हायत. तक्रार काही? तर पुन्हा टाचा जुळल्या. नो पॉइंट.

पालथ्या घड्यावर पाणी. मी खुर्चीवर बसले. शिपाई घड्याळाकडं बघत होता. तेव्हा मला भावाचं शेंगा फोडत बोललेलं आठवलं. म्हटलं बघू तरी. मी उठून उभी राहिले, आवाज जितका करडा करता येईल तितका केला आणि म्हटलं, “मेजर, तक्रार नको. वजन बारा किलो का घटलं, त्याचा रिपोर्ट द्या.”

माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस बदलला. हात मांड्यांना चिकटले, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं गेली, आणि जणू इतके दिवस कुणी विचारायचीच वाट बघत होता तसा तो बोलू लागला.

“पहाटं पोलिसांनी घरातनं उचलला. दात घरी, वाटीत राहिलं. वरचं आनि खालचं, दोन्ही कवळ्या. सून आठ दिसांनी मुलाखतीला घिऊन आली. गेटवर दिलं. जमा झालं. तवापासनं चपाती डाळीत भिजवून गिळतो. भिजत न्हाई ती बाजूच्याला देतो. चार म्हैनं झालं.” मग म्हणाला, “तक्रार न्हाई. रिपोर्ट हाय.”

मी विचारलं, मागितले का नाहीत? तो म्हणाला, दातांसाठी अर्ज करायचा म्हंजे कसं दिसतं ते, मॅडम. आणि मग जरा ओळखीचं हसला, ओठ मिटूनच. म्हणाला, माझ्या नातवाचं वजन तुमीच घ्यायचा, आमच्या गावात. लय रडायचं ते काट्यावर.

मला त्या गावची अंगणवाडी आठवली, चिंचेखालची. नातू काही आठवला नाही, सगळीच पोरं काट्यावर रडायची. मी हो म्हटलं.

मग मी अधीक्षकांच्या खोलीत गेले आणि बंद्यांच्या जमा वस्तूंचं रजिस्टर मागितलं. हे मात्र चोख होतं. मेजरच्या नावापुढं तारखेसह लिहिलेलं, दाताची कवळी, नग दोन, प्लास्टिक डबीत. एका शिपायानं कपाटातून डबी काढून आणली. गुलाबी झाकणाची, पोरींच्या क्लिपा ठेवतात तसली. त्या कपाटापासून मेजरची बराक माझ्या पावलांनी चाळीस पावलं. चाळीस पावलांवर दात आणि इकडं माणूस चपाती भिजवत बसलेला. दात आहेत तर चणे नाहीत हे ऐकलं होतं. इथं दोन्ही असून मध्ये एक कपाट होतं.

मला वाटलं आता अधीक्षकांना फाडून खावं. पण त्यांनी समजावलं ते खोटं नव्हतं. मुलाखतीला आलेल्या माणसानं दिलेली वस्तू थेट आत देता येत नाही. उद्या कुणी डबीतून काहीही पाठवेल. डॉक्टरनं लिहून दिलं तर देता येते. डॉक्टर लिहिणार बंदी दवाखान्यात येऊन सांगेल तेव्हा. मेजर कधी सांगायला आलाच नाही. गेटवरच्या शिपायानं नियमानं वस्तू जमा केली, नियमानं लिहिली, आणि त्याचं काम संपलं. प्रत्येकाचं काम संपलेलं होतं.

नोंदवहीत मी सव्वा पान लिहिलं. वजनाच्या नोंदी प्रत्यक्ष वजन न घेता केल्याचं दिसतं, अमुक बराकीतल्या या वृद्ध बंद्याचं वजन इतकं घटलं, कवळी तातडीनं द्यावी, डॉक्टरांनी तपासावं. लिहून झाल्यावर घरी येताना मात्र एसटीत माझं धाबं दणाणलं. हे पान आधी वाचणार अधीक्षकच. मी मेजरचं नाव-बराक सगळं लिहून मोकळी झाले. माझ्या मागं त्याला कुणी काही बोललं तर? दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. भाऊ म्हणाला, फौजीला कोण काय बोलतोय. पण त्याचं काय, तो शेंगाच फोडत होता.

आठ-दहा दिवसांनी माझ्या शेऱ्याची आणि त्यावरच्या अधीक्षकांच्या म्हणण्याची प्रत मला घरी आली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या शिफारशीनुसार कवळी बंद्यास देण्यात आली आहे, सर्व बंद्यांची वजनं नव्यानं घेण्यात येत आहेत. वाचून मी खूश झाले. आणि मग खालची ओळ. सदर बंद्यास कोणतीही तक्रार नसल्याचे माननीय सदस्यांनी स्वतः मागील भेटीत नोंदविले आहे.

ती ओळ मी तीनदा वाचली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. राग यायलाही जागा नव्हती. कागद घडी करून पाटाखाली ठेवला आणि शेजारच्या वहिनींना मात्र फक्त वरचा भाग सांगितला. मेजरचे दात मिळवून दिले म्हणून सगळ्या आळीत मी जरा मिरवलेच.

मग तिमाही भेट आली. जिल्हा न्यायाधीश, मोठे डॉक्टर, बाकीचे अधिकारी, आम्ही दोघं बाहेरचे. न्यायाधीश बाई होत्या, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. एरवी शांत, पण कागद वाचताना भुवई वर जायची. बाहेर लावलेली तक्रारपेटी आधी त्यांच्यासमोर उघडली. किल्ली त्यांच्याकडंच असते. पेटीत एक सुकलेली पाल निघाली आणि दुसरं काही नाही. न्यायाधीशांनी पेटीकडं बघितलं, मग वरच्या कॅमेऱ्याकडं, मग पेटीसमोरच्या शिपायाच्या स्टुलाकडं. पेटी बराकीच्या आतल्या बाजूला हलवा, एवढंच म्हणाल्या.

अधीक्षकांनी मागच्या शेऱ्यांचं वाचन केलं. माझा शेरा आला, पुढं लिहिलं होतं निकाली. मी मान ताठ केली.

मग माणसांपुढं गेलो. तशाच दोन ओळी. न्यायाधीशांनी विचारलं, जेवण, तब्येत, वागणूक, कुणाला काही सांगायचं आहे? शिपायांना त्यांनी मागं सरायला लावलं. तरी तेच. माना खाली, आणि डोळे त्या एका टोकाकडं.

मेजर उठला. उभा राहिला. मला वाटलं आता पुन्हा नो पॉइंट. पण त्यानं माझ्याकडं बघितलं, मग न्यायाधीशांकडं.

“पॉइंट हाय, साब.”

ओळीतल्या सगळ्या माना वर आल्या. मेजरनं तोंडात बोटं घातली, खालची कवळी काढली, सदऱ्याला पुसली आणि तळहातावर ठेवून हात पुढं केला. बोलताना त्याचे गाल आत ओढले जात होते, पण प्रत्येक शब्द कळत होता.

“दात मिळालं. बसत न्हाईत. मानूस वाळला, दात व्हतं तेवढंच राहिलं. चावाय गेलं की हिरड्या सोलत्यात.”

मी तिथंच उभी होते. मला माहीतच नव्हतं. दात दिले म्हणजे झालं, इतकं मी धरून चालले होते. माझ्याच आळीत माझ्याच तोंडानं सांगत फिरत होते. मोठे डॉक्टर पुढं झाले, त्यांनी त्याच्या हिरड्या बघितल्या आणि मान हलवली. वजन असं उतरलं की जबडाही बदलतो, जुनी कवळी सैल होते, म्हणाले. न्यायाधीशांनी तिथल्या तिथं सांगितलं, याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात दंतविभागाकडं न्या, नव्या कवळ्या होईपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्यानं मऊ भात, खिचडी, दूध द्या, आणि दर आठवड्याचं वजन माझ्याकडं पाठवा. अधीक्षक लिहून घेत होते.

मग त्यांनी मेजरला विचारलं, इतके महिने कुणी विचारायला आलंच नाही का?

मी जमिनीकडं बघितलं.

“इचारलं व्हतं, साब,” मेजर म्हणाला. “ह्या मॅडमनी नीट इचारलं. मीच न्हाई म्हनलो. मॅडमनी मी म्हनलो तेवढं लिव्हलं. त्येंची चूक न्हाई.”

न्यायाधीशांनी अधीक्षकांकडून नोंदवही मागून घेतली. मागची पानं उलटली. माझं ते पान सापडलं. त्यांनी वही माझ्याकडं वळवली आणि आवाज न चढवता विचारलं, हे अक्षर तुमचं का? त्या झोकदार सहीकडं मी बघितलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रजिस्टरांवर बोट ठेवून मी हाच प्रश्न विचारला होता, आणि समोरच्या बायका कशा गप्प व्हायच्या ते मला माहीत होतं. मी म्हटलं, “व्हय, माझंच.” कोरेगावच्या शाळेतल्या पोरीसारखं ते ‘व्हय’ तोंडातून गेलं.

त्यांनी वही माझ्याच हातात ठेवली.

मेजर अजून बसला नव्हता. त्यानं कवळी तोंडात बसवली, मागं वळला आणि ओळींकडं बघून म्हणाला, “बोला रं आता. माझ्या तोंडाकडं बघून गप बसला व्हता न्हवं? माझं झालं बोलून.”

मग मागच्या ओळीत एक जण उठला. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती, तिसरा महिना, औषध दोन दिवसांचंच मिळायचं. त्याच्यापाठी एकाला साखरेची गोळी वेळेवर मिळत नव्हती. एकाच्या कानातून पू येत होता. संडासाजवळ झोपणाऱ्यांना आळीपाळीनं जागा बदलून हवी होती. एक म्हणाला, वकील मिळालाय पण तो भेटायला येत नाही, आणि न्यायाधीशांनी त्याचं नाव विधी सेवा प्राधिकरणासाठी वेगळं लिहून घेतलं. शेवटी एकानं सांगितलं, कुणाची कसली तक्रार नाही, पण डाळीत मीठ कमी असतं. सगळे हसले, शिपाईसुद्धा. मला ते पाच किलो मीठ आठवलं.

मी एका स्टुलावर बसून लिहीत होते. पानांना छापील क्रमांक होते, त्यामुळं फाडायचं, खोडायचं काही करता येत नव्हतं. माझं निरंक तिथं तसंच राहणार होतं, पुढं जो कुणी वही उघडेल त्याला दिसणार होतं. मी नवं पान काढलं आणि एकेकाला विचारून लिहीत गेले. काय होतंय, कधीपासून, कुणाला सांगितलं होतं. बोटं दुखायला लागली. मेजर ओळीच्या टोकाला उभा राहून पुढच्याला नीट बोलायला लावत होता, मॅडमना लिहू द्या, घाई करू नगा. एकवीस जण झाल्यावर त्यानं मला विचारलं, पान पुरतंय का.